सी6 नसलेला मुलगा: दुसऱ्यांदा झालेला मेनिंजायटिस आणि लशीने त्याला नेमके काय दिले

या प्रकरणातला मुलगा म्हणजे कोणी एक खरा रुग्ण नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून, आकडे त्यांना साजेसे ठेवून त्याला उभे केले आहे. तपासण्या आणि त्यामागची कारणे मात्र जशी असतात तशीच आहेत.

वय 17. दीड दिवसाचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ, पायांवर बोटाने दाबूनही न जाणारे बारीक लाल ठिपके. पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी गढूळ होते. त्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलीटरला 1,800, जवळजवळ सगळ्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या. साखर 22 मिलिग्रॅम, तेव्हा रक्तातली साखर 110. सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीने बसलेले ग्रॅम-निगेटिव्ह गोलाणू दिसले आणि कल्चरमध्ये मेनिंगोकॉकस हा जंतू वाढला, कवचातल्या साखरेवरून पडणाऱ्या त्याच्या गटांपैकी गट वाय. म्हणजे मेनिंजायटिस, मेंदूभोवतीच्या आवरणांचा संसर्ग. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक सुरू झाले आणि आठवडाभरात मुलगा बरा होऊन घरी गेला.

इथे प्रकरण संपले असते. पण जुन्या कागदांत एक नोंद होती. 15 व्या वर्षी त्याला हाच आजार होऊन गेला होता, तेव्हा गट डब्ल्यू. मेनिंगोकॉकस पुष्कळ निरोगी लोकांच्या घशात काही काळ मुक्कामाला असतो आणि क्वचितच रक्तात उतरतो. एकाच माणसाच्या रक्तात तो दोनदा उतरला, तर दोष जंतूत शोधण्यापेक्षा माणसात शोधावा. शिवाय या आजाराचे प्रमाण सर्वाधिक असते ते लहान बाळांत. पहिला झटका किशोरवयात, जंतूचा गट तुलनेने कमी आढळणारा, आजार पुन्हा होणारा आणि तरीही बऱ्यापैकी सौम्य, ही चौकडी जुळली की कॉम्प्लिमेंटची तपासणी मागवायलाच हवी. ती अनेकदा मागवली जात नाही, कारण रुग्ण बरा झालेला असतो आणि बऱ्या झालेल्या रुग्णाबद्दल प्रश्न विचारायची घाई कोणालाच नसते.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात कायम तरंगणाऱ्या तीसेक प्रथिनांची साखळी. एकाने दुसऱ्याला कापायचे, कापलेल्या तुकड्याने पुढच्याला जागे करायचे, असे तिचे काम चालते. सुरुवात तीन वाटांनी होते. जंतूवर चिकटलेल्या प्रतिपिंडाला सी1 हे प्रथिन येऊन बसते, ती क्लासिकल वाट. जंतूच्या पृष्ठभागावरच्या साखरा ओळखून सुरू होते ती लेक्टिन वाट. आणि अल्टरनेटिव्ह वाट तर सतत मंदपणे चालूच असते, आपल्या पेशींवर ती दाबून ठेवली जाते आणि परक्या पृष्ठभागावर भडकते. तिन्ही वाटा सी3 या प्रथिनाशी येऊन मिळतात. सी3 फुटले की सी3बी नावाचा तुकडा जंतूवर पक्का चिकटतो आणि भक्षकपेशींना त्या खुणेवरून जंतू पकडता येतो. त्यानंतर सी5 फुटते. त्याचा लहान तुकडा सी5ए भक्षकपेशींना हाक मारतो आणि चेतवतो. मोठ्या तुकड्यावर सी6, सी7, सी8 क्रमाने बसतात आणि शेवटी सी9 चे अनेक रेणू गोलाकार जमून जंतूच्या पटलाला आरपार भोक पाडतात. या मुलामध्ये बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला साखळीचा हा क्रमच पुरतो.

पाच आठवड्यांनी, म्हणजे संसर्ग पूर्ण ओसरल्यावर, रक्त घेतले. मुद्दाम उशीर केला, कारण ऐन आजारात कॉम्प्लिमेंट खर्च होत असते आणि तेव्हा आलेल्या कमी आकड्याचा अर्थ लागत नाही. पहिली चाचणी सीएच50. मेंढीच्या तांबड्या पेशींवर प्रतिपिंडाचा लेप देतात, त्यात रुग्णाचे सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारे द्रव, घालतात आणि किती पातळ केलेले सीरम निम्म्या पेशी फोडते ते पाहतात. पेशी फुटायची तर सी1 पासून सी9 पर्यंत सगळी साखळी शाबूत हवी. दुसरी चाचणी एएच50, तीच कल्पना, पण अल्टरनेटिव्ह वाटेसाठी.

दोन्हींचा निकाल शून्य.

असा निकाल आला की अनुभवी माणूस आधी नमुन्यावर संशय घेतो. कॉम्प्लिमेंटची प्रथिने उष्णतेने मरतात. नळी दुपारभर टेबलावर राहिली तरी सीएच50 कोसळते. ईडीटीए घातलेल्या नळीतले प्लाझ्मा पाठवले तरी तेच, कारण ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्याशिवाय साखळी सुरूच होत नाही. म्हणून नमुना पुन्हा घेतला. या वेळी साध्या नळीत, गोठल्यावर लगेच सीरम वेगळे केले, उणे 70 अंशांवर गोठवले आणि बर्फातच प्रयोगशाळेत पोचवले. सोबत एका निरोगी माणसाचा नमुना त्याच वाटेने पाठवला. त्या माणसाचा आकडा नेहमीचा आला आणि मुलाचा पुन्हा शून्य.

आता तर्क सोपा होतो. फक्त सीएच50 शून्य असते तर दोष सी1, सी2 किंवा सी4 मध्ये. फक्त एएच50 शून्य असते तर फॅक्टर बी, फॅक्टर डी किंवा प्रॉपरडिनमध्ये. दोन्ही शून्य म्हणजे दोष वाटा एकत्र आल्यानंतरचा, सी3 किंवा त्यापुढचा. सी3 ची पातळी मोजली, नेहमीसारखी होती. सी9 नसेल तर सीएच50 घटते पण थोडे तरी शिल्लक राहते, म्हणून तेही बाजूला पडले. उरले सी5 ते सी8. एकेक मोजल्यावर सी6 अजिबात सापडले नाही, आणि चाचणीच्या नळीत शुद्ध सी6 बाहेरून घातल्यावर मुलाच्या सीरमने तांबड्या पेशी व्यवस्थित फोडल्या. दोष सी6 चा, आणि फक्त सी6 चाच.

म्हणजे सी3बी चिकटते आहे, सी5ए हाक मारते आहे, भक्षकपेशी ठणठणीत आहेत. नाही ते फक्त शेवटचे भोक. तरीही अशा माणसांना मेनिंगोकॉकसचा धोका इतरांच्या हजार ते दहा हजार पट असतो, आणि इतर जंतूंचा मात्र फारसा वाढत नाही. न्यूमोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंची भिंत इतकी जाड असते की भोक पाडणारे यंत्र त्यांच्या पटलापर्यंत पोचतच नाही. त्यांना भक्षकपेशीच खातात, म्हणून सी6 असले काय नि नसले काय. मेनिंगोकॉकसची बाहेरची बाजू पातळ, भोक पडण्याजोगी. पण त्याच्याभोवती साखरेचे कवच असते, त्यामुळे तो भक्षकपेशींच्या हातून निसटतो. वर तो आपल्या रक्तातला फॅक्टर एच स्वतःच्या अंगावर चिकटवून अल्टरनेटिव्ह वाटही थंड करतो. अशा जंतूला रक्तात मारण्याचा खात्रीचा मार्ग भोक पाडणे हाच. सी3 च नसलेल्या माणसांची गोष्ट वेगळी असते. त्यांना न्यूमोकॉकस, हिमोफिलस असे कवचवाले जंतू लहानपणापासून छळतात.

मग लस देऊन उपयोग काय? प्रतिपिंडे तयार होतील, ती सी1 ला बोलावतील, साखळी सुरू होईल आणि सी6 पाशी येऊन अडेल. मुलाच्या वडिलांनी नेमका हाच प्रश्न विचारला, आणि तो चांगला प्रश्न आहे.

उत्तर प्रतिपिंडाच्या प्रकारात आहे. संसर्गात किंवा लशीनंतर आधी येते ते आयजीएम. पाच हातांचा हा मोठा रेणू पृष्ठभागावर एकटा बसला तरी सी1 ला खेचतो, म्हणून कॉम्प्लिमेंट पेटवण्यात त्याची बरोबरी नाही. पण भक्षकपेशींवर त्याला धरणारे, आयजीजीला धरतात तसे हात नाहीत. आयजीएम जे करते ते मुख्यतः कॉम्प्लिमेंटच्या मार्फत, आणि रक्तातून ते लवकर विरते. पाचेक दिवसांत निम्मे. आयजीजी एकेकटे दुबळे. कॉम्प्लिमेंट पेटवायला त्याचे अनेक रेणू शेजारी शेजारी बसावे लागतात. पण त्याची शेपटी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या भक्षकपेशींवरचे ग्राहक रेणू थेट पकडतात. त्यात सी3बी ची खूणही शेजारीच असली तर भक्षकपेशीला जंतूवर दुहेरी पकड मिळते आणि कवचावरून घसरणारा मेनिंगोकॉकस गिळला जातो. आयजीजीतही आयजीजी1 आणि आयजीजी3 दोन्ही कामांत तरबेज, आयजीजी2 मंद आणि आयजीजी4 कॉम्प्लिमेंटच्या बाबतीत निरुपयोगीच. आयजीजी निम्मे व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. आयजीए घशाच्या अस्तरावर पहारा देते, पण क्लासिकल वाट पेटवत नाही. रक्तात ते जंतूवर आधीच बसले असेल तर आयजीजी आणि आयजीएमची जागा अडवते, ही त्याची एक विचित्र बाजू. आयजीईचा या गोष्टीशी संबंध नाही.

म्हणजे या मुलाला हवे आहे ते मुबलक आयजीजी, म्हणजे भोकाऐवजी गिळण्याच्या मार्गाने जंतू संपवता येईल. पहिल्या आजाराने ते का दिले नाही? कारण डब्ल्यू गटाच्या कवचाविरुद्धची प्रतिपिंडे वाय गटाच्या कवचावर भरवशाने बसत नाहीत. आजाराने मिळालेले संरक्षण त्या एका गटापुरते होते.

आयजीजी मिळवण्यासाठी कोणती लस घ्यायची यावर बरेच अवलंबून असते. जुन्या लशींत नुसते कवच, म्हणजे शुद्ध साखर असे. बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, साखर नाही. म्हणून साखरेवर प्रतिपिंडे बनवणारी बी पेशी एकट्यानेच उत्तर देते: बरेचसे आयजीएम, प्रौढांत त्यासोबत आयजीजी2, आणि स्मृती जवळजवळ नाहीच. दोन वर्षांखालच्या बाळांत तर तेवढेही धड नाही. पुन्हा डोस दिला तर प्रतिसाद वाढण्याऐवजी कधी कधी आधीपेक्षा कमी येतो, कारण असलेल्या बी पेशी त्यात खर्ची पडतात आणि नव्या बनत नाहीत.

कॉन्जुगेट लशीत तीच साखर एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडलेली असते; टिटॅनस टॉक्सॉइडला किंवा डिप्थेरियाच्या निरुपद्रवी केलेल्या विषाला. साखर ओळखणारी बी पेशी जोडीच्या जोडी गिळते, आतमध्ये प्रथिनाचे तुकडे करते आणि ते टी पेशीला दाखवते. टी पेशी प्रथिन ओळखते आणि मदत करते साखरेविरुद्धच्या बी पेशीला. या मदतीवर लसीका गाठीत जर्मिनल सेंटर उभे राहते. तिथे बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात बदल करत जातात, ज्यांची पकड सुधारली त्या टिकतात, आयजीएमवरून आयजीजीवर येतात. त्यातून दोन प्रकारच्या पेशी निघतात. एक, अस्थिमज्जेत जाऊन बसणाऱ्या प्लाझ्मा पेशी, ज्या महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षे आयजीजी ओतत राहतात. दुसऱ्या स्मृतिपेशी, ज्या काहीच ओतत नाहीत आणि तोच प्रतिजन, म्हणजे ओळखलेली परकी खूण, पुन्हा भेटेपर्यंत थांबून राहतात.

इथे कॉम्प्लिमेंट पुन्हा येते, वेगळ्या भूमिकेत. सी3 चा सी3डी हा तुकडा प्रतिजनाला चिकटलेला असेल तर बी पेशीवरचा सीआर2 हा ग्राहक त्याला धरतो आणि बी पेशी फार कमी प्रतिजनावरही जागी होते. 1996 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात प्रतिजनाला सी3डी चे तुकडे जोडल्यावर हजार ते दहा हजार पट कमी मात्रा पुरली होती. जर्मिनल सेंटरमधल्या पेशीही कॉम्प्लिमेंटची खूण असलेला प्रतिजन दीर्घकाळ धरून ठेवतात. सी3 नसलेल्या माणसात स्मृती घडण्याचे हे कामच लंगडे पडू शकते. आपल्या मुलाचे सी3 शाबूत, म्हणून त्याच्याकडून लशीला चांगला प्रतिसाद अपेक्षित होता.

त्याला ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांची कॉन्जुगेट लस आठ आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिली. बी गटाची लस स्वतंत्र. त्या गटाचे कवच गर्भाच्या मेंदूतल्या पेशींवरच्या साखरेसारखे असल्यामुळे शरीर त्याला परके मानत नाही, म्हणून ती लस कवचाऐवजी जंतूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची असते.

दुसऱ्या डोसनंतर महिन्याने मोजमाप झाले. या जंतूसाठीची मान्य चाचणी म्हणजे सीरम पातळ करत न्यायचे आणि कितव्या पातळीपर्यंत ते जंतू मारते ते पाहायचे. तिची मुळे 1969 च्या अमेरिकी सैन्यभरतीतल्या अभ्यासात आहेत. गोल्डश्नायडर, गॉटश्लिख आणि आर्टेनस्टाइन यांनी जवानांचे रक्त आधीच साठवून ठेवले होते. पुढे आजारी पडलेल्यांपैकी जेमतेम 6 टक्के जवानांच्या आधीच्या सीरममध्ये मारकशक्ती होती. आजारी न पडलेल्यांत ती सुमारे 82 टक्क्यांत होती. तेव्हापासून मानवी कॉम्प्लिमेंटसह 1:4 ही पातळी, म्हणजे चौपट पातळ केलेल्या सीरमनेही जंतू मरणे, ही संरक्षणाची खूण मानतात.

मुलाचा अहवाल वाय गटासाठी 1:64 आला. लशीआधी 1:4 पेक्षाही कमी होता. फार उत्तम, असे म्हणून फाइल बंद करण्याचा मोह इथे होतो आणि इथेच फसगत होते. या चाचणीत रुग्णाचे स्वतःचे कॉम्प्लिमेंट आधी तापवून मारतात आणि निरोगी माणसाचे बाहेरून घालतात. म्हणजे 1:64 हा आकडा मुलाच्या प्रतिपिंडांचा आहे, मुलाचा नाही. त्याचे न तापवलेले सीरम, बाहेरचे काही न घालता वापरले, तेव्हा एकही जंतू मेला नाही. लशीआधी जसे शून्य, तसेच लशीनंतरही. लस सी6 देत नाही.

तिसऱ्या प्रयोगात मात्र फरक दिसला. ही चाचणी नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही, संशोधनवाल्यांकडेच जावे लागते. मुलाच्याच सीरममध्ये जंतू आणि न्यूट्रोफिल एकत्र ठेवले. लशीआधीच्या सीरममध्ये जंतू वाढत राहिले. लशीनंतरच्या सीरममध्ये न्यूट्रोफिलांनी ते गिळले आणि तासाभरात जिवंत जंतूंची संख्या बरीच खाली आली. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

याच जागी सी5 अडवणाऱ्या एक्युलिझुमॅब या औषधाची आठवण काढायला हवी. काही रक्तरोगांत ते 2007 पासून वापरात आहे. ते घेणाऱ्यांनाही लस देतात, तरी लस घेतलेल्यांनाही मेनिंगोकॉकसने गाठल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्यात भोक तर पडत नाहीच, शिवाय सी5ए सुद्धा बनत नाही, त्यामुळे भक्षकपेशी पुरत्या चेतत नाहीत. आपल्या मुलाकडे सी5ए आहे. दोघांच्या सीएच50 च्या अहवालात एकच शून्य दिसेल, पण लशीचा फायदा दोघांना सारखा मिळेल असे धरून चालू नये.

तीन वर्षांनी पुन्हा मोजले तर पातळी 1:4 च्या खाली. बूस्टर दिला. तिसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात काही हालचाल नव्हती. सातव्या दिवशी 1:256. पहिल्यांदा दोन डोस आणि तीन महिने लागले होते, आता एका आठवड्यात चौपट उंची. स्मृतिपेशी जाग्या असल्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

मग प्रश्न असा, स्मृती इतकी पक्की आहे तर बूस्टर कशाला? जंतू स्वतःच येऊन तिला जागे करील. हिपॅटायटिस बी मध्ये नेमके हेच घडते. त्या विषाणूला आजार घडवायला दोन-तीन महिने लागतात, स्मृतिपेशींना काही दिवस. म्हणून प्रतिपिंडे मोजण्यापलीकडे घटली तरी निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. मेनिंगोकॉकस रक्तात उतरायला साधारण तीन-चार दिवस घेतो, कधी एकच. स्मृतिपेशींना वाढून, प्लाझ्मा पेशी होऊन पुरेसे आयजीजी ओतायला पाच ते सात. त्या तिसऱ्या दिवसाच्या निश्चल नमुन्यातच हा हिशेब दिसतो.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर अनुभवाला आले. 1999 मध्ये सी गटाची कॉन्जुगेट लस बाळांना 2, 3 आणि 4 महिन्यांवर सुरू झाली. सुरुवातीला संरक्षण उत्तम होते. पण वर्षभरानंतर याच बाळांत ते जवळजवळ उरले नाही, जरी बूस्टर दिल्यावर त्यांची स्मृती शाबूत असल्याचे दिसत होते. थोड्या मोठ्या वयात डोस घेतलेल्या मुलांत ते टिकले. 2006 मध्ये वेळापत्रक बदलून पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बूस्टर जोडला गेला. स्मृती असूनही मुले आजारी पडली. या जंतूपुढे उपयोगी पडते ते आजच्या रक्तात आधीच तयार असलेले प्रतिपिंड.

आपल्या मुलाचे गणित तर आणखी कडक. इतरांचे थोडे आयजीजीसुद्धा भोक पाडणाऱ्या यंत्राच्या जोरावर जंतू मारते. याला गिळण्यावरच भागवायचे, त्यासाठी आयजीजीचा जाड थर लागतो. म्हणून 1:4 ही सैनिकांवरून आलेली खूण याच्यासाठी पुरेशी मानणे मला पटत नाही. कॉम्प्लिमेंटचा दोष असलेल्यांसाठीच्या अमेरिकी शिफारशीत चार गटांच्या लशीचा बूस्टर दर पाच वर्षांनी आहे. बी गटाच्या लशीचा पहिला बूस्टर वर्षाने, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. त्याला लेखी सूचनाही दिली आहे: ताप आला तर लस झाली आहे म्हणून वाट पाहायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे आणि सी6 नाही हे पहिल्या वाक्यात सांगायचे. लस घेतलेल्या अशा रुग्णांत झटके कमी होतात, थांबत नाहीत.

सी6 चा दोष दोन्ही पालकांकडून येतो, म्हणून प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. त्याच्या 14 वर्षांच्या बहिणीचे सीएच50 तपासले. शून्य. तिला आजवर एकदाही मेनिंजायटिस झालेला नाही, आणि यात नवल नाही. असा दोष असलेल्यांपैकी बरेच जण आयुष्यभर धडधाकट राहतात. तिचा पहिला डोस त्याच आठवड्यात झाला.